थंडी वाढली की हीट पंपाला वीज जास्त का लागते?

दक्षिण जर्मनीतले एक मध्यम आकाराचे घर डोळ्यांसमोर आणू. भिंतींना आणि छताला बऱ्यापैकी उष्णतारोधक अस्तर आहे. बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा जितके अंश थंड असेल, त्या प्रत्येक अंशामागे हे घर २०० वॅट उष्णता बाहेर गमावते, असे धरू. आत २० अंश सेल्सिअस हवे आहेत. बाहेर ७ अंश असतील तर फरक १३ अंशांचा, म्हणून घराला २.६ किलोवॅट उष्णता सतत पुरवावी लागते. बाहेर उणे १५ झाले की फरक ३५ अंशांचा होतो आणि गरज ७ किलोवॅटवर जाते. गरज वाढली साधारण पावणेतीन पट. पण हे घर हीट पंपावर चालत असेल, तर त्याच दोन दिवसांत विजेच्या मीटरवरचा भार सुमारे ०.६३ किलोवॅटवरून ३.२ किलोवॅटवर जातो, म्हणजे पाच पट. पावणेतीन पट वाढीचे कारण भिंती आणि खिडक्या आहेत, हे उघड आहे. त्यावरची जवळजवळ दुप्पट वाढ मात्र यंत्रातून येते. ती कुठून येते हे एकदा नीट कळले, की हीट पंपाच्या माहितीपत्रकातला कोणताही आकडा वाचता येतो.

यंत्र किती उष्णता देते भागिले किती वीज घेते, या भागाकाराला सीओपी म्हणतात. साध्या विजेच्या हीटरचा सीओपी १ असतो. एक किलोवॅट वीज घेतली, एक किलोवॅट उष्णता दिली, हिशेब संपला. हीट पंपाचा सीओपी ४ आहे असे म्हटले, की एका किलोवॅट विजेवर घरात चार किलोवॅट उष्णता येते. वरचे तीन किलोवॅट वीज जाळून तयार झालेले नसतात. ते बाहेरच्या हवेतून उचलून आत आणलेले असतात, आणि म्हणूनच ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कुठे मोडत नाही. आपल्याकडचा स्प्लिट एसी हेच काम उलट दिशेने करतो. खोलीतली उष्णता उचलून गॅलरीतल्या युनिटमधून बाहेर टाकतो.

बाहेरच्या थंड हवेत उष्णता असतेच कुठे, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. उणे १५ अंश आपल्याला बोचतात, पण पदार्थाच्या हिशेबात शून्य उणे २७३ अंशांवर आहे. तिथून मोजले तर उणे १५ म्हणजे २५८ केल्विन आणि उबदार खोली म्हणजे २९३ केल्विन. त्या हवेतल्या रेणूंची धावपळ चालूच असते. अडचण उष्णता नसण्याची नाही. उष्णता आपणहून गरमाकडून थंडाकडे जाते आणि आपल्याला ती उलट्या दिशेने न्यायची आहे, ही खरी अडचण आहे.

त्यासाठी यंत्रात एक द्रव फिरवतात. युरोपात अलीकडे त्यासाठी प्रोपेन वापरण्याकडे कल वाढतो आहे. वातावरणाच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, पण दाब बदलला की त्याचा उत्कलनबिंदूही बदलतो, आणि सगळे यंत्र या एका गुणावर चालते. बाहेरच्या युनिटमधल्या कॉइलमध्ये दाब कमी ठेवतात. तिथे प्रोपेन बाहेरच्या हवेपेक्षाही थंड असतो, त्यामुळे हवेची उष्णता त्याच्यात शिरते आणि तो उकळून वाफ होतो. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, दाबाबरोबर तापमान चढते आणि ही गरम वाफ घरातल्या पाण्याला उष्णता देत पुन्हा द्रव होते. ते पाणी रेडिएटरमध्ये किंवा फरशीखालच्या नळ्यांमध्ये फिरते. द्रव झालेला प्रोपेन एका अरुंद व्हॉल्व्हमधून सुटतो, त्याचा दाब आणि तापमान पडते आणि फेरी पुन्हा सुरू होते. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसरला. पंखा आणि पाण्याचा पंप थोडी घेतात.

आता ७ अंशांचा दिवस घेऊ. उष्णता कॉइलमध्ये शिरायची तर कॉइल हवेपेक्षा थंड हवी. ती ७ अंशांनी थंड आहे असे धरले, तर प्रोपेन ० अंशाला उकळतो. रेडिएटरला ३५ अंशांचे पाणी पुरेसे आहे. उष्णता पाण्यात जायची तर प्रोपेन त्याहून थोडा गरम हवा, म्हणून ३८ अंश. केल्विनमध्ये हे आकडे २७३ आणि ३११ होतात. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली वाफेच्या इंजिनावर जो विचार मांडला आणि पुढे केल्विन व क्लॉसियस यांनी जो नेमका केला, तो इथे फार सोप्या रूपात लागू होतो. घराला ३११ एकक उष्णता द्यायची असेल, तर त्यातली जास्तीत जास्त २७३ एकके बाहेरून घेता येतात. उरलेली ३८ एकके कामाच्या रूपात, म्हणजे विजेतून, घालावीच लागतात. ३११ भागिले ३८ म्हणजे ८.२. या दोन तापमानांमध्ये चालणाऱ्या कुठल्याही यंत्राचा सीओपी याच्या वर जाऊ शकत नाही, मग ते कोणीही आणि कितीही कौशल्याने बनवलेले असो.

प्रत्यक्षात चांगले यंत्र या मर्यादेच्या साधारण निम्म्यापर्यंत पोहोचते. मोटरमध्ये काही ऊर्जा जाते, कॉम्प्रेसरमध्ये घर्षण असते, व्हॉल्व्हमधून दाब सोडताना काम वाया जाते. म्हणून आपल्या घराचा त्या दिवशीचा सीओपी ४.१ धरू. २.६ किलोवॅट उष्णतेसाठी ०.६३ किलोवॅट वीज लागली.

आता बाहेर उणे १५. प्रोपेनला उणे २२ अंशांवर उकळावे लागेल, म्हणजे २५१ केल्विन. घराची गरज वाढली असल्याने त्याच रेडिएटरना आता ३५ अंशांचे पाणी पुरत नाही, ४८ अंशांचे लागते. मग प्रोपेन ५१ अंशांवर, म्हणजे ३२४ केल्विनवर ठेवावा लागतो. तोच हिशेब पुन्हा मांडला तर ३२४ एकक उष्णतेतली २५१ बाहेरून मिळतात आणि ७३ विजेतून घालावी लागतात. मर्यादा ४.४ वर आली आणि तिचे निम्मे म्हणजे २.२. सात किलोवॅटसाठी ३.२ किलोवॅट वीज. सुरुवातीला म्हटलेली जवळजवळ दुप्पट वाढ ही इथून आली. पहिल्या दिवशी उष्णतेला ३८ अंश वर चढवायचे होते, दुसऱ्या दिवशी ७३ अंश.

विहिरीवर मोटर बसवलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पाण्याची पातळी खाली गेली की तेवढेच पाणी वर आणायला वीज जास्त लागते, त्याच मोटरची धारही बारीक होते, आणि पातळी नेमकी खाली जाते ती पिकाला पाण्याची सर्वांत जास्त ओढ असते त्या दिवसांत. हीट पंपाचे दुखणे हुबेहूब हेच आहे, आणि बारीक होणाऱ्या धारेचा भाग सहसा कोणी सांगत नाही, म्हणून त्याकडे वळू.

कॉम्प्रेसर प्रत्येक फेऱ्यात ठरावीक आकारमानाची वाफ ओढतो. त्या वाफेत प्रोपेन किती आहे हे तिच्या घनतेवर ठरते. ० अंशाला उकळणाऱ्या प्रोपेनचा दाब साधारण ४.७ बार असतो आणि एक घनमीटर वाफेत सुमारे १० किलो प्रोपेन असतो. उणे २२ अंशांना दाब २.३ बारच्या आसपास उतरतो आणि त्याच घनमीटरमध्ये जेमतेम ५ किलो प्रोपेन उरतो. म्हणजे कॉम्प्रेसर त्याच वेगाने फिरला तरी फिरणारा माल निम्मा झाला, आणि उष्णता वाहून नेणारा तोच माल आहे. शिवाय आधी वाफ ४.७ बारवरून १३ बारवर न्यायची होती, म्हणजे पावणेतीन पट दाबायची होती. आता २.३ वरून साडेसतरावर न्यायची आहे, म्हणजे साडेसात पटींहून जास्त. एवढे दाबताना गळती वाढते, बाहेर पडणारी वाफ फार तापते आणि तेलालाही त्रास होतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग वाढवून ही तूट काही प्रमाणात भरून काढतो. अतिथंड प्रदेशांसाठी बनवलेल्या यंत्रांत दाबण्याच्या मधल्या टप्प्यावर थोडा थंड वायू सोडतात, त्यामुळे वाफ जास्त तापत नाही आणि क्षमता टिकते. या युक्तीमुळे उणे २० किंवा उणे २५ अंशांनाही यंत्र चालते. पण कार्नोची मर्यादा तिने वर सरकत नाही, यंत्र त्या मर्यादेपासून फार घसरत नाही एवढेच.

घराची गरज वर चढणारी आणि यंत्राची क्षमता खाली उतरणारी, या दोन रेषा कुठेतरी एकमेकींना छेदतात. त्याच्या पलीकडची थंडी एकट्या हीट पंपाला झेपत नाही आणि पाण्याच्या टाकीतला विजेचा हीटर मदतीला येतो. आपल्या घरी उणे १५ अंशांना यंत्र ५ किलोवॅटच देऊ शकले असे समजा. त्या ५ किलोवॅटला २.२ सीओपीने २.२७ किलोवॅट वीज लागेल, उरलेल्या २ किलोवॅटसाठी हीटर पूर्ण २ किलोवॅट घेईल. सात किलोवॅट उष्णतेसाठी ४.२७ किलोवॅट वीज झाली आणि एकूण सीओपी १.६ वर आला. वर्षातले काही तासच असे होणार असेल तर त्यात चूक नाही. त्या मोजक्या तासांसाठी फार मोठे यंत्र घेतले, तर सौम्य हवामानात ते सारखे चालू-बंद होत राहते आणि त्यातही वीज जाते. चूक होते ती सेटिंगमध्ये. बाहेर ५ अंश असतानाही हीटर चालू होईल अशी मर्यादा कोणी ठेवून जातो आणि घरमालकाला वाटते की हीट पंपच वीज खातो. मीटरवर भार हळूहळू चढण्याऐवजी एकदम २ किंवा ३ किलोवॅटने उडी मारतो का, हे पाहिले की हा दोष ओळखता येतो.

बाहेरचे तापमान आपल्या हातात नाही, पण पाण्याचे आहे, आणि माझ्या मते घरमालकाने सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे. वरच्या हिशेबात सीओपी ४.१ वरून २.२ वर घसरला. पाणी ३५ अंशांवरच ठेवता आले असते तर तो २.६ राहिला असता. त्यासाठी उष्णता सोडणारा पृष्ठभाग मोठा लागतो, म्हणजे फरशीखालच्या नळ्या किंवा मोठे रेडिएटर. सगळे बदलायचीही गरज नसते. दोन-तीन खोल्यांचे अपुरे पडणारे रेडिएटर बदलून पाणी ४८ ऐवजी ३८ अंशांवर आणता आले, तरी त्या उणे १५ च्या दिवशी सीओपी २.५ होतो आणि विजेचा भार ३.२ वरून २.८ किलोवॅटवर येतो. गॅस बॉयलरच्या सवयीने पाणी कायम ६० अंशांवर ठेवणाऱ्या घरात उत्तम यंत्रही वाईट दिसते.

थंडीत सीओपी कमी होण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते कडाक्याच्या थंडीपेक्षा ० ते ५ अंशांच्या ओलसर थंडीत जास्त जाणवते. लंडनचा हिवाळा बराचसा असाच असतो. कॉइलचे तापमान शून्याखाली गेले की हवेतली वाफ तिच्यावर हिम होऊन बसते. दोन अंशांच्या पूर्ण ओलसर हवेत घनमीटरमागे साडेपाच ग्रॅमच्या आसपास पाणी असते, उणे १५ च्या हवेत दीड ग्रॅमच्या आसपास. म्हणून हिमाचा थर साचण्याचा वेग दोन अंशांना जास्त असतो. थर साचला की पंख्याची हवा अडते, कॉइल आणखी थंड होते आणि थर आणखी वाढतो. तो काढायला यंत्र काही मिनिटे उलटे चालते. म्हणजे घरातल्या पाण्याची उष्णता घेऊन बाहेरची कॉइल तापवते. त्या वेळी युनिटमधून वाफेचा लोट उठतो, पंखा थांबतो, खाली पाणी गळते. हे बघून घाबरायचे कारण नाही. पांढरा पातळ थर येणे आणि पूर्ण निघून जाणे हे ठीक चालल्याचे लक्षण आहे. बर्फ घट्ट आणि काचेसारखा होऊन अनेक फेऱ्यांनंतरही टिकत असेल, तर पाणी वाहून जाण्याची वाट बंद झाली आहे का, पंखा किंवा तापमानाचा सेन्सर बिघडला आहे का हे तपासावे. कॉइलच्या एकाच भागावर हिम आणि बाकी भाग कोरडा असेल, तर आतला वायू कमी झाल्याची शंका घ्यावी आणि तंत्रज्ञाला बोलवावे. प्रोपेन ज्वलनशील असल्याने त्यात स्वतः हात घालू नये.

हवेऐवजी दुसरीकडून उष्णता घेतली तर यातले बरेचसे टळते. झुरिचच्या जुन्या नगरभवनात १९३८ साली बसवलेला हीट पंप शेजारून वाहणाऱ्या लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेत असे, आणि नदीचे पाणी हवेबरोबर उणे १५ पर्यंत खाली जात नाही. जमिनीत काही मीटर खोल गेले की तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहते. बोअरच्या हीट पंपाचा हिवाळ्यातला सीओपी टिकून राहतो तो याच कारणाने. जर्मनीतल्या फ्राउनहोफर सौरऊर्जा संशोधन संस्थेने जुन्या वस्तीतल्या घरांत बसवलेले हीट पंप प्रत्यक्ष मोजले. वर्षभराची सरासरी हवेवरच्या यंत्रांची ३.१ आणि जमिनीवरच्या यंत्रांची ४.१ आली. बोअरचा खर्च मोठा असतो, म्हणून बहुतेक लोक हवेचाच पर्याय घेतात, आणि ३.१ हा आकडा पाहता तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. वर्षाच्या हिशेबात उणे १५ चे तास थोडे आणि ० ते १० अंशांचे तास पुष्कळ असतात. सरासरी त्या पुष्कळ तासांवर ठरते.

आपल्या घरचा सीओपी मोजणे अवघड नाही. पाण्याचा प्रवाह ताशी किती लिटर, आणि जाणाऱ्या व परतणाऱ्या पाण्यात किती अंशांचा फरक, हे दोन आकडे बहुतेक यंत्रांच्या पडद्यावर दिसतात. त्यांचा गुणाकार करून १.१६ ने गुणले की उष्णता वॅटमध्ये मिळते. ताशी १००० लिटर पाणी ३८ अंशांनी जाते आणि ३३ अंशांनी परत येते, तर ५८०० वॅट. त्याच वेळी यंत्र १५०० वॅट वीज घेत असेल तर सीओपी ३.९. एका क्षणाचा आकडा मात्र फसवतो, कारण हिम काढून झाल्यावर लगेच किंवा यंत्र नुकतेच सुरू झाले असताना तो काहीही येऊ शकतो. पूर्ण दिवसाची उष्णता आणि पूर्ण दिवसाची वीज यांचा भागाकार करावा आणि शेजारी बाहेरचे सरासरी तापमान लिहावे. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींनी आपल्या यंत्राची घसरण कागदावर दिसते. ७ अंशांना ४ आणि उणे ७ ला अडीचच्या आसपास असेल तर यंत्र ठीक आहे. ७ अंशांनाही २.५ मिळत असेल तर दोष थंडीचा नाही. आधी पाण्याचे तापमान आणि हीटरची सेटिंग पाहावी.

माहितीपत्रकात A7/W35 असे लिहिलेले असते. बाहेरची हवा ७ अंश आणि गरम पाणी ३५ अंश, असा त्याचा अर्थ. जाहिरातीत ठळक छापलेला सीओपी बहुधा याच परिस्थितीतला असतो, आणि ती यंत्राला सोयीची परिस्थिती आहे. पुणे किंवा नाशिकमध्ये अंघोळीच्या पाण्यासाठी हीट पंप घेतानाही हेच लागू पडते. तिथे हवा उबदार असली तरी पाणी ५५ ते ६० अंशांपर्यंत तापवायचे असते, आणि जानेवारीच्या १० अंशांच्या पहाटे मे महिन्याइतका सीओपी मिळत नाही. म्हणून विक्रेत्याकडे फक्त सीओपी विचारू नका. आपल्या गावातल्या थंड दिवसाचे तापमान आणि आपल्याला हवे असलेले पाण्याचे तापमान सांगा, त्या दोन आकड्यांवरचा सीओपी आणि त्याच वेळी यंत्र किती किलोवॅट उष्णता देते, हे दोन्ही लेखी मागून घ्या. युरोपात घेत असाल तर A-7/W35 आणि A-7/W55 या दोन ओळी आधी वाचा.